गाउसचे बिंदू कसे शोधतात?

१८१४ च्या सप्टेंबरात जर्मनीतल्या ग्योटिंगेनच्या विज्ञान मंडळापुढे कार्ल फ्रीडरिश गाउसने एक लॅटिन निबंध मांडला. वक्राखालचे क्षेत्रफळ आकडेमोडीने काढण्याची नवी रीत त्यात सांगितली होती. गाउस तेव्हा ग्योटिंगेनच्या वेधशाळेचा प्रमुख होता. लांबलचक आकडेमोड हा त्याचा रोजचाच उद्योग होता, त्यामुळे कमी श्रमात जास्त अचूक उत्तर मिळणे त्याला फार मोलाचे वाटे. रीत पारखायला त्याने जे उदाहरण घेतले, ते त्याच्या जुन्या आवडीचे होते: एक लाख ते दोन लाख या टप्प्यात 1/ln x या वक्राखालचे क्षेत्रफळ किती?

या प्रश्नाचा मूळ संख्यांशी जवळचा संबंध आहे. x या संख्येच्या आसपास मूळ संख्या किती दाट असतात, याचा अंदाज 1/ln x देतो, हे गाउसने ऐन पौगंडावस्थेत हेरले होते. (ln म्हणजे नैसर्गिक लॉगरिदम.) म्हणजे हे क्षेत्रफळ काढले की एक लाख ते दोन लाख यांच्या दरम्यान किती मूळ संख्या असाव्यात, याचा अंदाज मिळतो. क्षेत्रफळ आहे ८४०६.२४३१२ आणि त्या टप्प्यात मूळ संख्या प्रत्यक्षात आहेत ८३९२. अंदाज चांगलाच जवळचा आहे. पण गाउसच्या निबंधाचा विषय मूळ संख्या नव्हता. हे क्षेत्रफळ कमीत कमी कष्टात कसे काढावे, एवढाच त्याचा प्रश्न होता.

1/ln x चे क्षेत्रफळ देणारे साधे सूत्र नाही. अशा वेळी नदीकाठच्या वेड्यावाकड्या शेताचे क्षेत्रफळ जसे काढतात तसेच करावे लागते: काही ठिकाणी रुंदी मोजायची आणि त्या मापांवरून एकूण अंदाज बांधायचा. गणितात रुंदी म्हणजे त्या बिंदूवरची फलाची किंमत. प्रत्येक किंमत एका ठरावीक संख्येने गुणायची आणि सगळ्यांची बेरीज करायची. त्या बिंदूंना नोड म्हणतात आणि गुणणाऱ्या संख्यांना भार.

न्यूटन आणि त्याचा तरुण सहकारी रॉजर कोट्स यांनी हे बिंदू सारख्या अंतरावर ठेवले होते. शाळा-कॉलेजात शिकवला जाणारा सिम्प्सनचा नियम त्याच कुळातला. तो दोन टोके आणि मध्य असे तीन बिंदू घेतो आणि त्यांना १, ४, १ या प्रमाणात भार देतो. आपल्या उदाहरणात तो ८४०६.६८५ असे उत्तर देतो, म्हणजे चूक ०.४४.

गाउसने विचारले, बिंदू सारख्या अंतरावरच कशाला हवेत? तेही आपल्या मर्जीने निवडले तर? त्याने निवडलेल्या तीन बिंदूंवर किंमती घेतल्या की उत्तर येते ८४०६.२३६८ आणि चूक उरते ०.००६. फलाच्या तीनच किंमती काढून चूक सत्तर पटींनी घटते. त्याचे दोन बिंदूंचे उत्तर, ८४०५.९५४६, हेसुद्धा सिम्प्सनच्या तीन बिंदूंपेक्षा खऱ्या उत्तराच्या जवळ आहे.

हे बिंदू कुठून येतात ते पाहण्यासाठी आधी सोय म्हणून प्रत्येक टप्पा −१ ते १ असा धरायचा. एक लाख ते दोन लाख हा टप्पा असेल तर मध्य १,५०,००० आणि अर्धी लांबी ५०,०००. −१ ते १ मधला बिंदू t असला, तर खरा बिंदू १,५०,००० + ५०,०००t. शेवटी बेरजेला ५०,००० ने गुणायचे. म्हणजे बिंदू आणि भार एकदाच काढून ठेवले की ते कोणत्याही टप्प्याला लागू पडतात.

तीन बिंदू आणि तीन भार मिळून सहा अज्ञात संख्या होतात. सहा अज्ञात असले की सहा अटी पाळता येतात. म्हणून अशी अट घालू की १, x, x², x³, x⁴ आणि x⁵ या सहाही फलांचे क्षेत्रफळ अगदी बिनचूक यावे. बिंदू मध्याच्या दोन्ही बाजूंना सारखे ठेवले, म्हणजे −s, ०, s असे, आणि भार a, b, a असे घेतले, तर विषम घातांची क्षेत्रफळे आपोआप शून्य होतात आणि तीनच अटी उरतात:

2a + b = 2
2a·s² = 2/3
2a·s⁴ = 2/5

तिसऱ्या ओळीला दुसरीने भागले की s² = 3/5. म्हणजे s = ०.७७४६, a = 5/9, b = 8/9. वर ८४०६.२३६८ हे उत्तर ज्यांनी दिले, ते बिंदू आणि भार हेच.

तीन बिंदूंपर्यंत हे सोपे आहे. सात बिंदूंना मात्र चौदा अज्ञात होतात आणि समीकरणांत x च्या तेराव्या घातापर्यंतच्या गोष्टी येतात. ती थेट सोडवू गेले तर कागदावरही गुंता होतो आणि संगणकावरही. गाउसने दुसरी वाट काढली. सतत अपूर्णांक आणि हायपरजॉमेट्रिक श्रेणी यांच्या आधाराने त्याने दाखवले की आधी फक्त बिंदू वेगळे काढता येतात, कारण ते एका विशिष्ट बहुपदीचे शून्यबिंदू असतात, म्हणजे त्या जागी बहुपदीची किंमत शून्य होते. भार मग त्यांच्या मागून सहज येतात. सात बिंदूंपर्यंतचे कोष्टक त्याने सोळा दशांश स्थळांपर्यंत दिले.

ही बहुपदी नेमकी कोणती आणि तीच का, याचे आज शिकवले जाणारे सुटसुटीत उत्तर १८२६ मध्ये कार्ल याकोबीने दिले. गुरुत्वाकर्षणाच्या अभ्यासात फ्रान्समध्ये लजाँद्रने १७८० च्या दशकात काही बहुपदी तयार केल्या होत्या. त्यांचा गुण असा की त्यांतल्या कोणत्याही दोन वेगळ्या बहुपदींचा गुणाकार घेऊन −१ ते १ मधले क्षेत्रफळ काढले, तर धन भाग आणि ऋण भाग एकमेकांना तंतोतंत खोडतात आणि उत्तर शून्य येते. अशा बहुपदींना परस्परलंब म्हणतात.

त्या हाताने तयार करता येतात. पहिली १, दुसरी x. तिसरीसाठी x² घ्यायचा. त्याचे क्षेत्रफळ 2/3 आहे आणि १ चे क्षेत्रफळ 2, म्हणून x² मधून 1/3 वजा केला की तो १ ला लंब होतो. चौथीसाठी x³ घ्यायचा. तो १ आणि x² यांच्याशी आधीच जुळलेला आहे, पण x शी नाही. x³ आणि x यांच्या गुणाकाराचे क्षेत्रफळ 2/5, x आणि x यांच्या गुणाकाराचे 2/3, म्हणून 3/5 पट x वजा करायचा. उरते x³ − (3/5)x. तिचे शून्यबिंदू पाहा: ० आणि ±√(3/5). समीकरणांतून s चा जो आकडा आला होता, तोच.

हा योगायोग नाही. समजा n बिंदू लजाँद्रच्या n व्या बहुपदीच्या, म्हणजे Pₙ च्या, शून्यबिंदूंवर ठेवले. आता 2n−1 घातापर्यंतची कोणतीही बहुपदी f घ्या आणि तिला Pₙ ने भागा. भागाकार q आणि बाकी r, म्हणजे f = q·Pₙ + r. घात मोजले तर q आणि r दोघांचाही घात जास्तीत जास्त n−1 आहे. n पेक्षा लहान घाताची प्रत्येक बहुपदी Pₙ ला लंब असते, म्हणून q·Pₙ चे क्षेत्रफळ शून्य. म्हणजे f चे क्षेत्रफळ आणि r चे क्षेत्रफळ एकच. दुसरीकडे, आपल्या बिंदूंवर Pₙ स्वतःच शून्य आहे, म्हणून तिथे f ची किंमत आणि r ची किंमतही एकच. राहिला r. n बिंदू कुठेही असले, तरी योग्य भार निवडून n−1 घातापर्यंतचे क्षेत्रफळ बिनचूक मिळवता येते. r चे उत्तर बरोबर आले की f चे आपोआप बरोबर येते. n बिंदूंत 2n−1 घातापर्यंतची अचूकता मिळते ती अशी.

लंब असण्याचा आणखी एक फायदा आहे. Pₙ चे सगळे शून्यबिंदू वेगवेगळे असतात आणि −१ व १ यांच्या आतच पडतात. समजा Pₙ ने आतल्या भागात n पेक्षा कमी वेळा चिन्ह बदलले. मग नेमकी त्याच ठिकाणी चिन्ह बदलणारी, n पेक्षा लहान घाताची एक बहुपदी घेऊन तिला Pₙ शी गुणा. गुणाकार सगळीकडे एकाच चिन्हाचा होईल आणि त्याचे क्षेत्रफळ शून्य येणार नाही. पण परस्परलंबतेमुळे ते शून्य यायलाच हवे. ही विसंगती टाळायची तर n वेळा चिन्ह बदलण्याशिवाय गत्यंतर नाही. संगणकाला याचा उपयोग असा की किती शून्यबिंदू शोधायचे आणि कुठे शोधायचे, हे आधीच पक्के असते.

आता प्रत्यक्ष शोध. पाच बिंदूंचे उदाहरण घेऊ आणि त्यातला सर्वांत उजवीकडचा बिंदू काढू.

पहिली गरज आहे ती Pₙ ची किंमत काढण्याची. त्यासाठी बहुपदी उलगडून लिहायची नाही. आधीच्या दोन बहुपदींवरून पुढची देणारा एक तीन पदांचा संबंध आहे:

(k+1)·Pₖ₊₁ = (2k+1)·x·Pₖ − k·Pₖ₋₁

P₀ = 1 आणि P₁ = x यांपासून सुरुवात करून पायरीपायरीने वर चढायचे. वाटेत Pₙ₋₁ हाताशी येतोच, आणि त्यातून वक्राचा उतारही फुकटात मिळतो: Pₙ′ = n(x·Pₙ − Pₙ₋₁)/(x² − 1).

दुसरी गरज सुरुवातीच्या अंदाजाची. लजाँद्रचे शून्यबिंदू टोकांजवळ दाट आणि मध्यात विरळ असतात. अर्धवर्तुळावर जवळजवळ सारख्या अंतराने बिंदू मांडून त्यांची सावली खालच्या व्यासावर पाडली, तर जशी मांडणी दिसेल तशीच. म्हणून उजवीकडून i व्या बिंदूसाठी cos(π(i − 1/4)/(n + 1/2)) हा अंदाज चांगला चालतो. n = 5 आणि i = 1 असताना तो ०.९०९६३२ येतो.

तिसरी पायरी न्यूटनच्या रीतीची: किंमत भागिले उतार, एवढे मागे सरकायचे. ०.९०९६३२ वर P₅ ची किंमत ०.०२४१३५ आणि उतार ७.११२७ आहे. भागाकार ०.००३३९३. नवा बिंदू ०.९०६२३९. पुन्हा तेच केले की ०.९०६१७९८६. तिसऱ्या फेरीला ०.९०६१७९८४५९४, आणि आता आकडा संगणकाच्या नेहमीच्या अचूकतेच्या टोकापर्यंत स्थिरावलेला असतो. पहिल्या अंदाजातली चूक तिसऱ्या दशांश स्थळी होती. एका फेरीनंतर ती पाचव्या स्थळी गेली, दुसरीनंतर आठव्या आणि तिसरीनंतर पंधराव्या स्थळी. शून्यबिंदूच्या जवळ आल्यावर न्यूटनची रीत दर फेरीला बरोबर अंकांची संख्या साधारण दुप्पट करते, ती ही अशी.

भार काढायला वेगळे समीकरण सोडवावे लागत नाही. हातात आधीच असलेल्या उतारातून तो मिळतो:

w = 2 / ((1 − x²)·Pₙ′(x)²)

शून्यबिंदूवर P₅ चा उतार ६.८७०३ आहे आणि 1 − x² आहे ०.१७८८३८. भार निघतो ०.२३६९२७. सूत्रात उताराचा वर्ग आहे आणि x आतल्या भागात आहे, म्हणून भार कायम धन असतो. कोट्सच्या सारख्या अंतराच्या नियमांत नऊ बिंदूंपासून काही भार ऋण होऊ लागतात, आणि मोठ्या संख्यांच्या वजाबाकीत अचूक अंक गळतात. गाउसच्या नियमांत ती भीती नाही.

ही सगळी कृती पायथनमध्ये एवढीच आहे:

```python
import math
def gauss(n):
    X, W = [], []
    for i in range(1, n + 1):
        x = math.cos(math.pi * (i - 0.25) / (n + 0.5))
        for _ in range(10):
            p0, p1 = 1.0, x
            for k in range(1, n):
                p0, p1 = p1, ((2*k + 1)*x*p1 - k*p0) / (k + 1)
            d = n * (x*p1 - p0) / (x*x - 1)
            dx = p1 / d
            x -= dx
            if abs(dx) < 1e-15:
                break
        X.append(x)
        W.append(2 / ((1 - x*x) * d*d))
    return X, W
```

तीन पदांच्या संबंधाचा एवढा आग्रह का? बहुपदी उलगडून तिचे सहगुणक लिहावेत आणि शून्यबिंदू शोधणाऱ्या एखाद्या तयार प्रोग्रॅमच्या हवाली करावेत, असे कोणालाही सुचेल. P₅ पर्यंत ते चालते. पण P₂₀ मध्ये सर्वांत मोठा सहगुणक पंधरा लाखांच्या वर जातो, आणि चिन्हे आलटून पालटून अधिक-उणे असतात. स्वतः P₂₀ ची किंमत मात्र −१ ते १ मध्ये कधीही १ च्या वर जात नाही. म्हणजे लाखांच्या घरातले आकडे एकमेकांतून वजा होऊन एकाहून लहान उत्तर उरते, आणि त्यात संगणकाच्या सोळा अंकांतले सहा-सात अंक वाया जातात. P₄₀ मध्ये सहगुणक 10¹³ च्याही पलीकडे जातात. तिथे सोळांपैकी जेमतेम दोन-तीन अंक भरवशाचे उरतात. शून्यबिंदू मग भरकटतात. काही वेळा संगणक काल्पनिक संख्याही दाखवतो, जे सिद्धांतानुसार अशक्य आहे. गंमत म्हणजे दोष शून्यबिंदूंचा नसतो. ते जागच्या जागी स्थिर आहेत, त्यांच्यापर्यंत नेणारी वाट कच्ची आहे. तीन पदांच्या संबंधात −१ ते १ च्या आत कुठेच आकडे फुगत नाहीत, म्हणून ती वाट पक्की.

लजाँद्रच्या बहुपदींसाठी आपल्याकडे सुरुवातीचा चांगला अंदाज होता. पण सगळीच फले अशी नसतात. संभाव्यतेच्या गणितात घंटेच्या आकाराच्या वक्राने गुणलेली फले येतात, तर कधी शून्यापासून अनंतापर्यंत घटत जाणारा गुणक सोबत असतो. त्यांच्यासाठी हर्मिट आणि लागेर या नावांच्या परस्परलंब बहुपदी आहेत, आणि एखाद्या संशोधकाला तर अगदी स्वतःच्या गरजेचा, कुठल्याही पुस्तकात नसलेला गुणकही लागू शकतो. तिथे पहिला अंदाज कुठून आणायचा?

या अडचणीवर जीन गोलब आणि जॉन वेल्श यांनी १९६९ मध्ये जी रीत प्रसिद्ध केली, ती आजही पाठ्यपुस्तकांत पहिली शिकवली जाते. तीन पदांचा संबंध प्रत्येक परस्परलंब कुटुंबाला असतो, फक्त त्यातले आकडे बदलतात. ते आकडे एका मॅट्रिक्समध्ये मांडायचे: मुख्य कर्णावर एक मालिका, त्याच्या लगेच वर आणि खाली दुसरी, बाकी सगळीकडे शून्ये. या मॅट्रिक्सची आयगेनमूल्ये म्हणजेच Pₙ चे शून्यबिंदू. लजाँद्रच्या बाबतीत मुख्य कर्ण पूर्ण शून्य असतो आणि शेजारच्या रांगेत k/√(4k² − 1) हे आकडे येतात.

तीन बिंदूंसाठी ते आकडे दोनच आहेत, 1/√3 आणि 2/√15. अशा छोट्या मॅट्रिक्सची आयगेनमूल्ये हाताने काढता येतात: ० आणि ± √(1/3 + 4/15). कंसातली बेरीज 9/15, म्हणजे 3/5. पुन्हा तोच √(3/5), तिसऱ्या वाटेने. भारही याच मॅट्रिक्समधून येतात. प्रत्येक आयगेनसदिशाची लांबी १ करायची, त्याच्या पहिल्या घटकाचा वर्ग करायचा आणि टप्प्याच्या लांबीने, म्हणजे इथे 2 ने, गुणायचे.

या रीतीत सुरुवातीचा अंदाज लागत नाही, एकच शून्यबिंदू दोनदा सापडण्याचा धोका नाही, आणि अशा सममित मॅट्रिक्सची आयगेनमूल्ये काढण्याची तंत्रे फार भरवशाची आहेत. न्यूटनच्या रीतीत मात्र अंदाज ढिला असला, तर उडी शेजारच्या शून्यबिंदूवर पडते. मग यादीत एक बिंदू दोनदा येतो आणि एक गायब होतो. प्रोग्रॅम काहीच तक्रार करत नाही.

म्हणून बिंदू आणि भार हातात आल्यावर ते तपासणे ओघाने येते. पहिली तपासणी भारांच्या बेरजेची: −१ ते १ ही लांबी 2, म्हणून बेरीज 2 यायला हवी. दुसरी सममितीची: प्रत्येक बिंदूला शून्यापलीकडे जोडीदार हवा आणि त्याचा भार तोच हवा. तिसरी सर्वांत कडक: सर्वांत वरच्या सम घाताचे, म्हणजे x च्या 2n−2 घाताचे, क्षेत्रफळ 2/(2n−1) यायला हवे. बिंदू दोनदा आला असेल किंवा भार जरा हलला असेल, तर या तीनपैकी कुठेतरी ते उघडे पडते.

इथे एक सूक्ष्म गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. पायथनच्या नमपाय संचात numpy.polynomial.legendre.leggauss हे तयार फंक्शन आहे. ते आधी मॅट्रिक्सच्या आयगेनमूल्यांतून बिंदू काढते, मग न्यूटनची एक फेरी देऊन ते घासूनपुसून घेते. भार काढून झाल्यावर शेवटी ते सगळे भार अशा प्रमाणात वाढवते किंवा घटवते की बेरीज 2 व्हावी. म्हणजे तिथे बेरजेची तपासणी नेहमीच पास होणार. तिच्यावरून काहीच कळत नाही. तपासायचे तर x² चे क्षेत्रफळ, म्हणजे 2/3, किंवा त्याहून वरचा सम घात घ्यावा. या फंक्शनच्या माहितीपत्रकातच लिहिले आहे की त्याची चाचणी १०० पर्यंतच झालेली आहे.

हजारो-लाखो बिंदू लागतात तेव्हा वरच्या दोन्ही रीती दमतात, कारण बिंदू दुप्पट केले की काम साधारण चौपट होते. शिवाय टोकाजवळच्या बिंदूंसाठी x इतका १ च्या जवळ असतो की 1 − x² ही वजाबाकीच अंक गिळते. यावर उपाय असा की x ऐवजी कोन धरून हिशेब करायचा. इग्नास बोगर्ट यांनी २०१४ मध्ये अशी सूत्रे दिली की मोठ्या n साठी कोणताही एक बिंदू आणि त्याचा भार थेट, एकही फेरी न मारता, मिळतो. हव्या त्या क्रमांकाचा बिंदू बाकीच्यांना हात न लावता काढता येत असल्याने काम अनेक प्रोसेसरांत वाटून देणेही सोपे जाते.

बिंदू कितीही अचूक असले, तरी गाउसची रीत एका गोष्टीवर उभी आहे: फल बहुपदीसारखे वागले पाहिजे. 1/ln x एक लाख ते दोन लाखांत अतिशय सौम्य आहे, म्हणूनच तीन बिंदूंत चूक ०.००६, चारांत सुमारे ०.०००१५ आणि पाचांत त्याहूनही पुष्कळ कमी झाली. |x| हे फल घेतले तर चित्र पालटते. शून्यापाशी त्याला टोकदार कोपरा आहे. −१ ते १ मध्ये त्याचे खरे क्षेत्रफळ १, पण तीन बिंदू ०.८६१ देतात आणि पाच ०.९४५. बिंदू वाढवत नेले तरी उत्तर रखडतच सुधारते. गणिताच्या तक्त्यांत दोष शोधून इथे काही हाती लागत नाही, कारण तक्ता बरोबरच आहे.

ही लक्षणे ओळखायला n आणि 2n बिंदूंची उत्तरे शेजारी ठेवून पाहतात. सौम्य फलात दुसऱ्या उत्तराचे बरोबर अंक भराभर वाढतात. फरक हट्टाने तसाच राहिला तर टप्प्यात कुठेतरी कोपरा, फट किंवा अनंताकडे धावणारे टोक दडलेले असते. यात खर्च एवढाच की गाउसचे जुने बिंदू नव्या संचात सहसा पुन्हा येत नाहीत, त्यामुळे आधीच्या किंमती वाया जातात. सोव्हिएत गणिती अलेक्सांद्र क्रोनरोद यांनी १९६० च्या दशकात यावर तोड काढली: गाउसचे सात बिंदू तसेच ठेवून त्यांच्यात आठ नवे घालायचे आणि पंधरांचा नियम बनवायचा. जुन्या सात किंमती पुन्हा कामी येतात आणि दोन उत्तरांतला फरक चुकीचा अंदाज देतो. सातांचा आणि पंधरांचा हा जोड क्षेत्रफळ काढणाऱ्या अनेक संगणक-संचांत आज वापरात आहे, आणि फरक जास्त दिसला की ते संच टप्पा मधोमध कापून दोन्ही तुकड्यांवर तीच कृती पुन्हा करतात. |x| चा टप्पा शून्यापाशी कापला, तर प्रत्येक तुकड्यावर तो सरळ रेषा होतो, आणि मग गाउसचा एकच बिंदू बिनचूक उत्तर देतो.